उद्या कोण काय करणार आहे, ते विचारा

अमेरिकेत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जेवण असतं आणि रिवाजाप्रमाणे ते वरपक्ष देतो. आपल्याकडे सीमांतपूजनात वधूपक्ष गावाच्या सीमेवर वराचं स्वागत करतो. इथे नेमकं उलट होतं, वरपक्ष वधूच्या माणसांचं स्वागत करतो. पाहुणे आल्यावर पेला उंचावून दोन शब्द बोलायचे, त्याला टोस्ट म्हणतात. हे काम कधी कधी नवऱ्याच्या मित्राकडे येतं. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये ते माझ्याकडे आलं तेव्हा वधूकडची त्रेचाळीस माणसं येणार होती. त्यांतल्या फक्त तिच्या आईवडिलांना मी एकदा व्हिडिओ कॉलवर पाहिलं होतं.

मी आधी नावांची यादी मागवली. ती मोठ्याने वाचून घड्याळ लावलं, तर एका माणसाचं नाव आणि नातं सांगायला आठ सेकंद जात होते. त्रेचाळीस जणांचे झाले पावणेसहा मिनिटं, आणि स्वागताचा एक शब्दही बोलून झाला नव्हता. शिवाय हजेरी घेतल्यासारखं वाचलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. ती यादी बाजूला ठेवली आणि वधूच्या आत्याला फोन केला. घरातली सगळी नाती आणि सगळे रुसवे ठाऊक असलेलं एक माणूस प्रत्येक घरात असतं. या घरात ती आत्या होती.

वीस मिनिटांच्या बोलण्यात सगळ्यात उपयोगी पडला तो एकच प्रश्न: उद्या कोण काय करणार आहे? अंतरपाटापाशी मुलीला कोण आणणार, तर मोठे मामा. तिच्या पाठीमागे कऱ्हा आणि दिवा घेऊन कोण उभी राहणार, तर धाकटी मावसबहीण. लाजाहोमात तिच्या ओंजळीत लाह्या घालून नवऱ्याचा कान कोण पिळणार, तर चुलतभाऊ, कारण तिला सख्खा भाऊ नाही. आपल्या लग्नात नात्यांना कामं आधीच नेमून दिलेली असतात. ओळखही त्या कामानेच करून दिली की वराकडच्या लोकांना दुसऱ्या दिवशी ती माणसं आपोआप ओळखता येतात. इंग्रजीत मामा, काका आणि आत्याचे यजमान हे सगळे अंकल होतात, त्यामुळे वराच्या अमेरिकन मित्रांना तर हे फारच उपयोगी पडलं.

आत्यांनी आणखी दोन गोष्टी सांगितल्या, त्या यादीत कधीच दिसल्या नसत्या. यादीत एका मावशीच्या नावामागे ‘सौ.’ लिहिलं होतं. त्यांचे यजमान मागच्या वर्षी वारले होते. आणि दोन काकांमध्ये शेतीच्या वाटणीवरून बोलणं बंद होतं, म्हणून ‘काका मंडळी’ म्हणून दोघांना एकत्र उभं करायचं नव्हतं. अशा जागा परक्या माणसाला अंदाजाने कळत नाहीत. “काय बोलू नये?” असं स्पष्ट विचारावंच लागतं. नावांचे उच्चार मी आत्यांच्याच आवाजात मुद्रित करून घेतले. आडनावातला ळ अमेरिकेत वाढलेल्या माझ्या जिभेवर सहज येत नव्हता.

मग त्रेचाळीस माणसांची तीन घरं केली: आईचं माहेर, वडिलांचं घर आणि भावंडं. प्रत्येक घरातली तीनच नावं घेतली, सुरुवात वडीलधाऱ्यांपासून. आजींना उभं राहायला सांगितलं नाही, मीच त्यांच्या टेबलापाशी गेलो. बोललो ते साधारण असं:

“आजी, तुमच्या घरची मुलगी उद्या आमच्या घरी येणार आहे. आज तुम्हा सगळ्यांना आमच्याकडे पाहून आनंद होतोय. हे मोठे मामा. उद्या मुहूर्ताला नवरीला हेच घेऊन येतील. साताऱ्याहून आलेल्या सगळ्या मामा-मावश्यांनी कृपया हात वर करावा. आज मला तुमची सगळ्यांची नावं येत नाहीत. जेवताना प्रत्येक टेबलावर येऊन विचारणार आहे.”

हात वर करायला सांगितल्याने कुणाचं नाव राहून गेल्याचा रुसवा उरत नाही. शेवटच्या वाक्यात मात्र शब्द दिलेला असतो, तो पाळावा लागतो. जेवणभर मी टेबलांवरून फिरलो आणि माझं ताट थंड झालं.

पेल्यांत कोकम सरबत होतं. आजी आणि बरेचसे काका दारू घेत नाहीत, आणि सगळ्यांच्या हातात एकच पेय असलं की पेला उचलताना कुणी अवघडून बसत नाही. बोलणं जेवण वाढण्याआधी उरकलं, कारण मधुमेहाची गोळी घेतलेल्या माणसाला ताटकळत ठेवता येत नाही. एकूण साडेचार मिनिटं लागली.

तुमच्यावर अशी वेळ आली, तर यादी मागवण्याआधी त्या घरची आत्या कोण आहे ते विचारा आणि लग्नाच्या निदान आठवडाभर आधी तिला फोन करा.