साथानकुलमची साक्ष

जून 2020. तमिळनाडूतल्या साथानकुलम पोलीस ठाण्यात बेदम मारहाण झालेले जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स काही दिवसांत दगावले. आरोप काय, तर टाळेबंदीत दुकान उघडं ठेवलं! चौकशीला आलेल्या न्यायदंडाधिकाऱ्यांना त्या रात्रीचं सीसीटीव्ही चित्रण मिळालंच नाही. हार्ड डिस्कमध्ये भरपूर जागा होती, पण चित्रण रोज आपोआप पुसलं जाईल अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. खरं सांगू शकणारी माणसं होती ती ठाण्यातलीच. हेडकॉन्स्टेबल रेवती बोलल्या: रात्रभर मारलं, लाठ्यांवर आणि टेबलावर रक्त होतं. सहकारी आसपासच होते. जबाबावर सही करायला त्या घाबरत होत्या, तरी त्यांनी ती केली. पुरावे टिकावेत म्हणून मद्रास उच्च न्यायालयाने ते ठाणंच महसूल खात्याच्या ताब्यात दिलं आणि रेवतींना संरक्षणही मिळालं.