पाच चलांचं फल आणि गोल फिरणारा तक्ता

(अंजनवेल इथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मागच्या व्याख्यानात आपण कार्नो नकाशा पाहिला. चार चलांपर्यंत तो छान चालतो. पाचवं चल आलं की सोळा घरांचे दोन नकाशे काढावे लागतात आणि एक दुसऱ्यावर ठेवला आहे अशी कल्पना करावी लागते. डोळा इथेच चुकतो. म्हणून आज तक्ता पद्धत. हार्वर्डमधले तर्कशास्त्रज्ञ क्वाइन यांनी १९५२ मध्ये तिचा पाया घातला आणि मॅक्क्लस्की यांनी १९५६ मध्ये ती अभियंत्यांच्या हातात बसेल अशी केली. त्यांच्यासमोर टेलिफोनच्या स्विचिंगसारखी मंडलं होती. अशा मंडलात सूत्रातलं प्रत्येक अक्षर म्हणजे रिलेचा एक कॉन्टॅक्ट असतो. इथल्या वीज प्रकल्पासारख्या ठिकाणी ज्यांनी रिले पॅनल उघडून पाहिलं असेल, त्यांना एक कॉन्टॅक्ट कमी होणं म्हणजे काय ते सांगायला नको.

पद्धत बऱ्याच जणांना येते. पण शेवटच्या पायरीवर एक खड्डा आहे आणि आजचं व्याख्यान त्या खड्ड्याबद्दल आहे. तुमचं उत्तर बरोबर असू शकतं, त्यातलं एकही पद काढता येत नसतं, आणि तरीही ते सर्वात लहान नसतं.

आपलं फल A, B, C, D, E या पाच चलांचं आहे. A ची किंमत १६, मग ८, ४, २ आणि E ची १. फल १ होतं ते या दहा मिनटर्मना: १, २, ३, ४, ५, ६, ९, ११, २५, २७. बाकी बावीस ठिकाणी ते ० आहे. हे द्विमानात लिहायचं आणि किती १ आहेत त्याप्रमाणे गट पाडायचे.

```
एक १ :  १ = ००००१    २ = ०००१०    ४ = ००१००
दोन १:  ३ = ०००११    ५ = ००१०१    ६ = ००११०    ९ = ०१००१
तीन १: ११ = ०१०११   २५ = ११००१
चार १: २७ = ११०११
```

गट कशासाठी? दोन मिनटर्म एकत्र येतात ते फक्त एकाच जागी फरक असेल तर. म्हणजे त्यांच्यातल्या १ ची संख्या एकनेच वेगळी हवी. म्हणून प्रत्येक गटाची तुलना फक्त खालच्या शेजारी गटाशी करायची. १ आणि ३ मध्ये D च्या जागी फरक आहे, तिथे रेघ: ०००-१. असं सगळं केलं की बारा जोड्या मिळतात: १-३, १-५, १-९, २-३, २-६, ४-५, ४-६, ३-११, ९-११, ९-२५, ११-२७, २५-२७. दहाही मिनटर्म कुठल्या ना कुठल्या जोडीत आले, त्यांच्यापुढे बरोबरची खूण करा.

दुसरी फेरी जोड्यांची. इथे नियम थोडा कडक होतो: रेघ त्याच जागी हवी आणि बाकीच्यात एकाच जागी फरक हवा. १-३ म्हणजे ०००-१ आणि ९-११ म्हणजे ०१०-१. रेघ D वर, फरक फक्त B मध्ये. म्हणून ०-०-१. तसंच ९-११ आणि २५-२७ मिळून -१०-१. याच चौकड्या १-९ व ३-११, आणि ९-२५ व ११-२७ या वाटेनेही पुन्हा येतात. त्या दुसऱ्यांदा लिहायच्या नाहीत, पण त्या जोड्यांपुढे खूण मात्र करायचीच. ही खूण राहिली की नको असलेली पदं पुढे येतात आणि तक्ता उगाच फुगतो. बारापैकी सात जोड्यांना खूण झाली, पाच राहिल्या. दोन चौकड्यांची आठाची मोळी होत नाही, कारण त्यांच्या रेघा वेगळ्या जागी आहेत. म्हणून प्राइम इम्प्लिकंट एकूण सात:

```
क   ०-०-१   A'C'E     १, ३, ९, ११
ख   ०००१-   A'B'C'D   २, ३
ग   ००-१०   A'B'DE'   २, ६
घ   ००१-०   A'B'CE'   ४, ६
च   ००१०-   A'B'CD'   ४, ५
छ   ००-०१   A'B'D'E   १, ५
ज   -१०-१   BC'E      ९, ११, २५, २७
```

आता कव्हरिंग तक्ता. आधी प्रत्येक मिनटर्मला विचारायचं, तुला कोण कोण झाकतं? २५ ला फक्त ज, २७ लाही फक्त ज. म्हणजे ज अत्यावश्यक. ते उत्तरात गेलं. त्याच्याबरोबर ९, ११, २५, २७ हे चारही मिनटर्म तक्त्यातून खोडा. हे विसरू नका, कारण क चार मिनटर्म झाकतो असं दिसतं, पण त्याच्याकडे आता कामाचे दोनच उरलेत: १ आणि ३.

उरलेला तक्ता असा:

```
१ : क, छ
३ : क, ख
२ : ख, ग
६ : ग, घ
४ : घ, च
५ : च, छ
```

बघा, प्रत्येक मिनटर्मला दोन पदं झाकतात आणि प्रत्येक पद दोन मिनटर्म झाकतं. अत्यावश्यक कोणी नाही. एकाचं काम पूर्णपणे दुसरा करतो, म्हणून पहिल्याला काढावं, असंही कोणी नाही. कपासून निघालात तर ख, ग, घ, च, छ करत परत कला येता. नेहमीच्या दोन्ही युक्त्या संपल्या. याला म्हणतात चक्रीय तक्ता.

समजा, एका डोंगराभोवती गोल सहा वाड्या आहेत आणि दर दोन वाड्यांच्या मध्ये एक विहीर खोदता येते. प्रत्येक वाडीला निदान एका बाजूला विहीर हवी. किती विहिरी? एकाआड एक अशा तीन. पण कोणी समोरासमोरच्या दोन आधी खोदल्या, तर दोन वाड्या उरतात, आणि त्या एकमेकींच्या शेजारी नसतात. प्रत्येकीला वेगळी विहीर लागते. झाल्या चार.

आपल्या तक्त्यात नेमकं हेच घडतं. समजा, क घेतलं, कारण ते तीन अक्षरांचं, स्वस्त आहे. १ आणि ३ गेले. उरले २, ६, ४, ५. आता ग, घ, च प्रत्येकी दोन झाकतात. जास्तीत जास्त झाकणारं घ्यायचं असं म्हणून कोणी घ उचलतं. मग २ साठी ख घेतलं, ५ साठी च. उत्तर: ज, क, घ, ख, च. पाच पदं, अठरा अक्षरं. तपासायला बसलात तर सगळं बरोबर निघतं. क काढलं तर १ उघडा पडतो, घ काढलं तर ६, ख काढलं तर २, च काढलं तर ५. एकही पद काढता येत नाही. आणि तरी हे सर्वात लहान नाही.

चूक कुठे झाली? क घेणं ही चूक नव्हती. क घेतल्यावर तक्ता पुन्हा साफ केला नाही, ही चूक. १ आणि ३ गेल्यावर ख कडे फक्त २ उरला, आणि ग तो २ झाकून वर ६ ही झाकतो. किंमत दोघांची सारखीच, चार अक्षरं. म्हणजे ख काढून टाका. तसंच छ कडे फक्त ५ उरला, च त्याच्या वरचढ आहे. छ काढा. आता २ ला फक्त ग उरलं आणि ५ ला फक्त च. दोन्ही आपोआप अत्यावश्यक झाले आणि सगळं झाकून झालं. चक्र एका जागी तोडलं की बाकीचं नेहमीच्या नियमांनी सुटतं. पण एक निवड केली की ते नियम पुन्हा लावावे लागतात.

इथे एका श्रोत्याने विचारलं, "सर, पण क घेणं बरोबर हे आधी कसं कळणार?"

आधी कळत नाही. म्हणूनच दोन फांद्या काढायच्या: एक क घेऊन, एक क खोडून. क खोडलं तर १ ला फक्त छ उरतं आणि ३ ला फक्त ख. ते घेतले की ४ आणि ६ उरतात, दोन्ही घ झाकतं. आता तुलना:

```
क घेऊन:   ज + क + ग + च = ४ पदं, ३+३+४+४ = १४ अक्षरं
क खोडून:  ज + ख + घ + छ = ४ पदं, ३+४+४+४ = १५ अक्षरं
```

पदं सारखी, अक्षर एक कमी. म्हणून पहिली फांदी. नुसती पदं मोजून थांबलो असतो, तर दुसरीही तितकीच चांगली वाटली असती. तीनपेक्षा कमी पदांत चक्र सुटणार नाही, हेही उघड आहे: सहा मिनटर्म आहेत आणि एक पद फार तर दोन झाकतं.

फांद्यांवर विश्वास नसेल तर पेट्रिक यांची रीत आहे, तीही १९५६ चीच. तक्त्याची प्रत्येक ओळ म्हणजे "हा किंवा तो" अशी अट. सगळ्या अटी एकदम पाळायच्या, म्हणून गुणाकार:

```
(क+छ)(क+ख)(ख+ग)(ग+घ)(घ+च)(च+छ)
= (क + खछ)(ग + खघ)(च + घछ)
= कगच + खघछ + कगघछ + कखघच + खगचछ
```

दुसऱ्या ओळीत लगतचे दोन-दोन कंस एकत्र केले. शेवटच्या ओळीत, लहान पद ज्याच्या आत येतं ती मोठी पदं गाळली. ही पाच म्हणजे एकही पद काढता येणार नाही अशी सगळी उत्तरं. दोन तीन पदांची, तीन चार पदांची. आपण मघाशी ज्यात फसलो ते कखघच इथे स्पष्ट दिसतं. पाचपैकी तिघांत खड्डा आहे, म्हणजे नुसतं "काही काढता येतं का" एवढंच पाहणाऱ्याला तो सहज सापडतो.

शेवटचं सूत्र:

```
f = A'C'E + A'B'DE' + A'B'CD' + BC'E
```

पडताळा घ्या. पहिलं पद १, ३, ९, ११ देतं. दुसरं २ आणि ६. तिसरं ४ आणि ५. चौथं ९, ११, २५, २७. एकत्र केले तर बरोबर आपले दहा, एकही जास्त नाही. ९ आणि ११ दोनदा आले, त्याने काही बिघडत नाही.

पेट्रिकचा गुणाकार इथे तीन ओळींत संपला, कारण चक्र सहाचंच होतं. चलं वाढली की प्राइम इम्प्लिकंट भराभर वाढतात आणि गुणाकार कागदावर मावत नाही. तेव्हा फांद्यांचीच पद्धत संगणकाकडून करून घेतात. एका फांदीत आतापर्यंतच्या चांगल्या उत्तराइतका खर्च झाला की ती तिथेच सोडायची. फारच मोठ्या फलांसाठी अचूकतेचा हट्ट सोडून जवळपासचं उत्तर घेतात. तशा उत्तरात एकही पद काढता येणार नाही एवढी खात्री बहुधा मिळते. पण ते सर्वात लहान आहेच असं नाही, हे आपण आज हाताने पाहिलं.

घरी करायला एक देतो. याच फलात मिनटर्म १० आणि २६ मिळवा आणि पुन्हा सुरुवातीपासून करा. चक्र राहतं का, आणि राहिलं तर दोन्ही फांद्यांची अक्षरं किती होतात, ते पुढच्या वेळी सांगा.