चहाच्या रांगेत ऐकलेलं नाव जेवणापर्यंत कसं टिकवायचं?

परिषदेला गेलेल्या बहुतेक नव्या संशोधक विद्यार्थ्यांची एक तक्रार असते: "माझी नावांची स्मरणशक्तीच वाईट आहे." चहाच्या सुटीत चौघांशी ओळख होते आणि जेवणाच्या वेळी त्यातला एकही माणूस नावानिशी आठवत नाही. चेहरा आठवतो, कोण कुठल्या विषयावर काम करतं तेही आठवतं, फक्त नाव तेवढं गायब. यात स्मरणशक्तीचा दोष फारसा नसतो. बऱ्याचदा ते नाव डोक्यात शिरलेलंच नसतं. का, ते आधी बघू. मग संभाषण कसं सुरू करायचं हेही त्यातूनच ठरवता येतं.

१९७३ साली ब्रेनर या मानसशास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लोक गोलात बसलेले, प्रत्येकाने आपली पाळी आली की एक शब्द मोठ्याने वाचायचा. नंतर विचारलं की कुठले शब्द आठवतात. आपल्या पाळीच्या अगदी आधी वाचले गेलेले शब्द लोकांना सगळ्यात कमी आठवले, कारण तेव्हा त्यांचं लक्ष स्वतःच्या पाळीवर होतं. आता चहाच्या टेबलाशी होणारी ओळख डोळ्यांसमोर आणा. समोरचा नाव सांगतोय आणि तुम्ही मनात जुळवताय, "मी अमुक विद्यापीठातून, दुसरं वर्ष, विषय..." म्हणजे नाव नेमकं त्या आंधळ्या जागेवर पडतं.

दुसरं कारण खुद्द नावात आहे. १९८७ मध्ये मॅक्वीनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना अनोळखी चेहरे दाखवले आणि त्या माणसाचं आडनाव व व्यवसाय सांगितला. इंग्रजीत 'बेकर' हे आडनावही आहे आणि पाव भाजणाऱ्याचा धंदाही. शब्द तोच, पण व्यवसाय म्हणून सांगितला तर चांगला लक्षात राहिला, आडनाव म्हणून सांगितला तर नाही. मराठीत हे आणखी सहज कळतं. "हे सुतारकाम करतात" म्हटलं की रंधा, भुसा, लाकडाचा वास, सगळं डोळ्यांपुढे येतं. "हे सुतार" म्हटलं तर काहीच येत नाही, कारण ते बँकेतही असू शकतात. नाव हे नुसतं लेबल असतं. त्याला लोंबकळायला काहीतरी खुंटी लागते.

ही खुंटी देणं हे सुरुवातीच्या प्रश्नाचं काम. म्हणून "तुमचा विषय काय?" हा प्रश्न मला फारसा आवडत नाही. त्याचं उत्तर म्हणजे पाठ केलेलं शीर्षक, आणि ते नावाइतकंच निसरडं. त्यापेक्षा दोघांच्या डोळ्यांसमोर असलेल्या गोष्टीवरून सुरुवात करा. "तुम्ही आत्ता कुठल्या सत्रात होतात? आम्ही शेजारच्या सभागृहात गोठत होतो." किंवा, "तुमचं पोस्टर आज आहे की उद्या?" उत्तर सोपं असतं आणि पुढचा प्रश्न त्यातूनच निघतो. ज्यांचं व्याख्यान नुकतंच ऐकलंत अशा ज्येष्ठांना "सर, छान झालं" एवढंच म्हणून थांबलात, तर "थँक यू" वर गाडी संपते. त्याऐवजी एक नेमकी गोष्ट विचारा: "मॅडम, दुसऱ्या आलेखात पावसाळ्यातले नमुने कमी दिसत होते, तिथे पोहोचणं अवघड होतं का?" आकड्यामागच्या धडपडीबद्दल विचारलं की माणसं खुलतात.

एक प्रश्न मात्र टाळा. आडनाव ऐकून "म्हणजे मूळचे कुठले?" असं विचारणं आपल्याकडे निरागस राहिलेलं नाही. पुष्कळांना त्यात जातीची चौकशी ऐकू येते, आणि ती चुकीची असतेच असं नाही.

आता एक सुटी मिनिटांवर मांडून बघू. चहा ११ ते ११.२०. रांगेत तुमच्या पुढे उभी असलेली विद्यार्थिनी आधीच्या सत्रातून आलीय. ११.०४ ला तुम्ही पोस्टरबद्दल विचारता. ती सांगते, आज दुपारी आहे, खाडीतल्या शिंपल्यांमधल्या प्लास्टिकच्या कणांवर. मग तुम्ही आधी तुमचं नाव सांगा आणि नंतर तिचं विचारा. क्रम महत्त्वाचा आहे: तुमची पाळी संपलेली असली की तिचं नाव ऐकायला डोकं मोकळं राहतं. ती म्हणते, "मृण्मयी." तुम्ही लगेच, "मृण्मयी, शिंपले किनाऱ्यावरून तुम्हीच गोळा करता का?" नाव एकदा तोंडातून गेलं. शिवाय चित्र मिळालं: मृण्मयी म्हणजे मातीची, आणि ती गुडघाभर चिखलात उभी राहून शिंपले काढतेय. हे चित्र तिला सांगायचं नाही अर्थातच.

११.०८ ला, ती बोलत असताना, नाव मनात एकदा आठवून बघा. ११.१५ ला निघताना नावाने निरोप घ्या: "मृण्मयी, दुपारी पोस्टरपाशी येतो." ११.२२ ला सभागृहात बसल्यावर कार्यक्रमपत्रिकेच्या मागे, तिच्या ओळखपत्राचा आधार नसताना, तीन शब्द लिहा: मृण्मयी, शिंपले, पोस्टर. आणि १ वाजता जेवणाला उठण्याआधी, कागद न बघता, पुन्हा आठवा. चार मिनिटं, सात मिनिटं, पुन्हा सात मिनिटं, साधारण दीड तास. लँडॉवर आणि ब्योर्क यांनी १९७८ मध्ये अशीच वाढत्या अंतराने नावं आठवायला लावली आणि ती जास्त टिकली. पुढच्या प्रयोगांत वाढतं अंतर समान अंतरापेक्षा नेहमीच सरस ठरलं नाही. पण न बघता आठवण्याचा प्रयत्न करणं हे नुसतं पुन्हा वाचण्यापेक्षा उपयोगी, हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे. त्यामुळे मिनिटं घड्याळ लावून पाळायची गरज नाही.

ही पद्धत एका सुटीत दोघा-तिघांसाठीच चालते. दहा जणांना हात मिळवत फिरलात तर मधल्या वेळात आठवायला जागाच उरत नाही. आणि नाव शिरलंय की नाही हे ११.०८ लाच कळतं. मनात शोधलं आणि काही आलं नाही, तर त्याच क्षणी विचारा: "सॉरी, गोंगाटात नाव नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगाल?" चौथ्या मिनिटाला यात काहीच अवघड नसतं, दुसऱ्या दिवशी असतं. नाव अपरिचित भाषेतलं असेल तर उच्चार विचारून घ्या. लोकांना ते आवडतं, आणि तुम्हाला ते दोनदा ऐकायला मिळतं.

आपल्याकडे एक खास अडचण आहे: 'सर' आणि 'मॅडम'. ज्येष्ठांना नावाने हाक मारता येत नाही, त्यामुळे संभाषण नावाशिवाय तीन दिवस निभावतं आणि नाव आठवायची वेळच येत नाही. इथे नाव तिसऱ्या माणसाकडे वापरा. सोबतच्या मित्राला सांगा, "आत्ता अमुक सरांशी बोललो, ते म्हणाले की..." किंवा "मॅडम" च्या आधी आडनाव जोडा.

आणि तरीही कुणी जेवणाच्या रांगेत हसत समोर आलं, नाव आठवेना आणि गळ्यातलं ओळखपत्र नेहमीप्रमाणे उलटं फिरलेलं, तर शेजारच्या मित्राला पुढे करा: "तुमची दोघांची ओळख झालीय का?" दोघं आपापली नावं सांगतात. त्या वेळी तुम्ही फक्त ऐकायचं, कारण तुमची पाळी येणार नाहीये. युक्ती ओळखीची आहे, समोरच्यालाही कधीकधी कळते. पण मित्राला ती आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो "हो, सकाळीच झाली" म्हणून मोकळा होतो.