जुलाब नसतानाही यकृतात गळू

समजा, ऊसतोडीहून परतलेल्या घरच्या माणसाला आठ दिवस थंडीताप आहे आणि उजव्या बरगडीखाली दुखतंय. खोकलं की कळ खांद्यात जाते. जुलाब नाहीत, डोळेही पिवळे नाहीत. आपण टायफॉईड धरून चालतो. पण काही आठवड्यांपूर्वी घाण पाण्यातून आतड्यात गेलेला अमिबा रक्तावाटे यकृतात पोचून तिथे गळू करतो. दारू पिणाऱ्या पुरुषांत हे जास्त दिसतं.

संडासच्या तपासणीत बहुधा काही सापडत नाही. पोटाची सोनोग्राफी लागते. तालुक्याला सोय नसेल तर धाराशिवचं सरकारी रुग्णालय गाठा. डॉक्टर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या देतात, दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस. तोंडाची चव जाते, पण गोळी सोडायची नाही आणि दारू तर अजिबात नाही. तीन-चार दिवसांत ताप उतरू लागतो. नाही उतरला, किंवा गळू फार मोठं असलं, तर सुईने पू काढतात.

खरी गफलत पुढे होते. ताप गेला की औषध संपलं असं वाटतं. पण आतड्यातला अमिबा या गोळीने पुरता मरत नाही, आणि गळू पुन्हा होऊ शकतं. त्यासाठी डायलोक्सानाइड नावाची दुसरी गोळी साधारण १० दिवस देतात. चिठ्ठीवर ती दिसली नाही, तर डॉक्टरांना विचारा.