फोटो वाटेत बिघडत नाही

लग्नातला एकत्र फोटो आहे. मांडवात चाळीस माणसं तीन रांगांत उभी, पुढे नऊवारीतल्या आज्या, मागे उंच पोरं. मामाने तो आपल्या फोनवर काढला आणि रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. फोनच्या पडद्यावर सगळ्यांना आवडला. आठवड्याने कुणीतरी तोच ग्रुपवरचा फोटो बारा बाय अठराच्या फ्रेमसाठी स्टुडिओत नेला, तर तिथला माणूस म्हणाला, “फोटो फाटतोय. ओरिजिनल नाही का?” मग घरात चर्चा सुरू होते आणि तिच्यात तऱ्हेतऱ्हेचे समज बाहेर पडतात.

“मांडवात रेंज नव्हती, म्हणून फोटो खराब गेला.”

रेंज कमी असेल तर फोटो उशिरा जातो, कधी जातच नाही. पण पोचलेला फोटो त्यामुळे अस्पष्ट होत नाही. तो लहान होतो पाठवणाऱ्याच्याच फोनमध्ये, निघण्याआधी. व्हॉट्सॲपवरचे संदेश पाठवणाऱ्याच्या फोनवरच कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या फोनवर उघडतात. मधल्या सर्व्हरला आतला फोटो दिसतच नाही, तर तो त्याला बारीक कसा करणार? म्हणून काटछाट करायची तर ती कुलूप लावण्याआधीच. याचा व्यवहारातला अर्थ असा की, घेणाऱ्याने काहीही केलं तरी उपयोग नाही. निर्णय मामाने फोटो पाठवतानाच घ्यायला हवा होता.

डाउनलोड होण्याआधी जे धूसर चित्र दिसतं, ते मात्र वेगळं प्रकरण आहे. ती नुसती चिमुकली झलक असते. बोट लावून फोटो उतरवून घेतला की ती जाते.

“फोनवर तर स्वच्छ दिसतोय, मग स्टुडिओवाल्याचीच काहीतरी चूक.”

इथे जरा थांबून हिशेब करू, कारण खरी गोष्ट इथेच आहे. १२ मेगापिक्सेलच्या फोनचा फोटो साधारण ४०३२ बाय ३०२४ ठिपक्यांचा असतो, म्हणजे सुमारे १ कोटी २२ लाख ठिपके. व्हॉट्सॲप नेहमीच्या दर्जात फोटो पाठवताना लांब बाजू साधारण १६०० ठिपक्यांवर आणतं. उरतात १६०० बाय १२००, म्हणजे १९ लाख २० हजार. दर सहा ठिपक्यांतले पाच गेले. मूळ फोटोत मागच्या रांगेतल्या पोराचा चेहरा १२० ठिपके रुंद असेल, तर आता तो ४८ ठिपक्यांत बसवलेला असतो. भुवया, चष्म्याची काडी, हसताना पडलेली खळी, सगळं त्या ४८ मध्ये.

हातातल्या फोनवर हे कळत नाही, कारण एवढ्या छोट्या पडद्यावर अख्खा फोटो पाहायला १६०० ठिपके पुरतात. अठरा इंचांच्या कागदावर मात्र ते पसरले की इंचाला जेमतेम ८९ ठिपके पडतात. चांगल्या छपाईसाठी इंचाला ३०० धरतात. २०० च्या वर असले तरी भिंतीवरच्या फ्रेमला चालतं. मामाच्या मूळ फोटोत ते २२४ निघाले असते. म्हणजे स्टुडिओवाला बरोबरच बोलत होता.

ठिपके कमी करून काम संपत नाही. उरलेला फोटो जेपीईजी पद्धतीने आणखी आवळला जातो. या पद्धतीत चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतात आणि प्रत्येक चौकोनातले बारीक, पटापट बदलणारे तपशील आधी टाकून देतात. मोठ्या सपाट भागांचं फारसं बिघडत नाही, म्हणून मांडवाचा पडदा ठीक दिसतो. मार बसतो तो केसांना, पैठणीच्या जरीला, मंगळसूत्राच्या मण्यांना. शिवाय डोळ्याला उजेडातला फरक रंगातल्या फरकापेक्षा जास्त कळतो, म्हणून रंगाची माहिती बहुधा निम्म्या बारकाईनेच ठेवली जाते. लाल काठातली हिरवी वेलबुट्टी एकमेकांत मिसळल्यासारखी वाटते ती त्यामुळे. फोटो मऊ दिसतो असं आपण म्हणतो, तो हाच परिणाम. फारच आवळलं तर ते चौकोन कडांपाशी नुसत्या डोळ्यांनी दिसू लागतात.

गेलेले ठिपके नंतर मोठं करून परत येत नाहीत. ४८ चे १२० केले तरी मधले ७२ अंदाजानेच भरलेले असतात.

“एचडी केलं की ओरिजिनल जातो.”

२०२३ च्या ऑगस्टपासून व्हॉट्सॲपवर एचडीचा पर्याय आहे. त्यात नेहमीपेक्षा बरेच जास्त ठिपके टिकतात, आणि घरातल्या घरात पाहायला, अगदी छोट्या प्रिंटलाही, तो छान आहे. पण फोटो पुन्हा आवळला जातोच. मूळ फाइल जात नाही. सेटिंग्जमध्ये Storage and data खाली Media upload quality मध्ये एचडी कायमचं लावून ठेवता येतं. निदान ते तरी करावं.

“फॉरवर्ड करून करून फोटो झिजला.”

व्हॉट्सॲपच्या आतच फॉरवर्ड केलेला फोटो पुन्हा आवळला जात नाही. आधी चढवलेली तीच प्रत पुढे जाते. झीज होते ती गॅलरीत साठवून तिथून पुन्हा नव्याने पाठवताना, आणि सगळ्यात जास्त स्क्रीनशॉट काढताना. काकूंना स्टेटसवर टाकायला तो पुरेल, फ्रेमला नाही.

मग पाठवायचा कसा?

मामाने करायचं एवढंच: पाठवताना गॅलरीचं चिन्ह न दाबता Document निवडायचं आणि त्यातून तो फोटो घ्यायचा. मग व्हॉट्सॲप त्याला फोटो न मानता फाइल मानतं आणि जसाच्या तसा पाठवतं. चॅटमध्ये चित्राऐवजी फाइलचं नाव आणि आकार दिसतो. मूळ फोटो ४ एमबीचा असेल तर तिथेही ४ एमबीच दिसायला हवेत. टेलिग्रामवरही फोटो फाइल म्हणून पाठवण्याची सोय आहे. फोटो शेकड्याने असतील तर गूगल ड्राइव्हची लिंक बरी, आणि दोघं एकाच खोलीत असतील तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉपला तोड नाही. झिप करून जागा वाचते हा समज मात्र सोडा. जेपीईजी आधीच आवळलेला असल्याने झिपमध्ये तो जवळपास तेवढाच राहतो. झिपचा फायदा एवढाच की पन्नास फोटो एका फाइलमध्ये, न बिघडता जातात.

आलेला फोटो मूळ आहे का हे तपासायचं असेल, तर तपशिलात लांबी-रुंदी पाहा. अँड्रॉइडवर नावात `IMG-20250118-WA0012.jpg` असं `WA` असेल तर तो व्हॉट्सॲपने फोटो म्हणून उतरवलेला आहे. स्टुडिओत देऊ नका.

डॉक्युमेंटची एक बाजू मोठ्या ग्रुपवर विसरली जाते. फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप त्यातली दडलेली माहिती काढून टाकतं, पण फाइल म्हणून पाठवला की ती सगळी बरोबर जाते. कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही त्यात येतं. मंगल कार्यालयाचा पत्ता कळला तर बिघडत नाही, पण घरातल्या बाळाचा फोटो दोनशे माणसांच्या ग्रुपवर असा टाकू नये. तो एचडीत टाका, आणि मूळ फाइल फक्त ज्याला छापायची आहे त्याला द्या.

आयफोनवाल्यांनी आणखी एक बघावं. त्यांचा फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात असतो, आणि बऱ्याच स्टुडिओंच्या जुन्या संगणकांवर तो उघडत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये Formats खाली Most Compatible निवडलं की पुढचे फोटो जेपीईजीत निघतात. हे लग्नाच्या आदल्या दिवशीच करून ठेवलेलं बरं.