न्यूट्रॉन खडकातली छिद्रं कशी मोजतो

मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटरवर, अरबी समुद्राखाली, 'सागर सम्राट' या जहाजावरून खोदलेल्या विहिरीत १९७४ च्या फेब्रुवारीत तेल लागलं आणि मुंबई हाय हे नाव घरोघरी पोचलं. तेव्हापासून अनेकांच्या मनात समुद्राच्या पोटात तेलाचं एखादं तळं साचलेलं असावं असं चित्र आहे. तसं तिथे काही नाही. तिथे आहे चुनखडक. तेलाचा मोठा साठा ज्या थरात आहे त्याला तेलक्षेत्रातले लोक 'एल-३' म्हणतात. त्या थरातलं तेल खडकाच्याच बारीक छिद्रांत, भेगांत आणि विरघळून झालेल्या पोकळ्यांत भरलेलं आहे.

म्हणून विहीर खोदल्यावर पहिला प्रश्न असतो, या खडकात जागा किती? खडकाच्या एकूण आकारमानापैकी जितके टक्के भाग पोकळ, तितकी त्याची सच्छिद्रता. दहा टक्के आणि वीस टक्के यांत फरक फक्त दहाचा दिसतो, पण तेवढ्याच जाडीच्या थरात साठा दुप्पट होतो. खडकाचा दांडा, म्हणजे कोअर, कापून वर आणला तर प्रयोगशाळेत सच्छिद्रता नीट मोजता येते. पण प्रत्येक विहिरीत शेकडो मीटर कोअर काढणं वेळेला आणि पैशाला परवडत नाही. मग खोदकाम थांबवून विहिरीत केबलला बांधलेली उपकरणं सोडतात आणि वर ओढता ओढता मोजमाप घेतात. याला लॉगिंग म्हणतात. सच्छिद्रतेसाठी वापरतात त्या उपकरणांपैकी एक न्यूट्रॉनवर चालतं.

न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, त्यामुळे तो खडकात खोलवर शिरतो. वाटेत भेटणाऱ्या अणुकेंद्रकांवर आपटत आपटत त्याची ऊर्जा कमी होत जाते. किती कमी होते हे समोरचं केंद्रक किती जड आहे यावर ठरतं. गोट्या खेळलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे: सारख्या वजनाच्या गोटीवर आपली गोटी नेमकी बसली की आपली जागीच थांबते आणि समोरची पळते, तीच गोटी दगडावर आपटली तर जवळपास त्याच वेगाने परत येते. हायड्रोजनच्या केंद्रकाचं वजन जवळपास न्यूट्रॉनइतकंच असतं, त्यामुळे एकाच टकरीत न्यूट्रॉन आपली सगळी ऊर्जा गमावू शकतो. चुनखडकातलं कॅल्शियम त्याच्या चाळीस पट जड. वीस लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचा न्यूट्रॉन आजूबाजूच्या अणूंच्या उष्णतेइतका मंद व्हायला हायड्रोजनमध्ये सरासरी १८ टकरा पुरतात. ऑक्सिजनमध्ये सुमारे १५० लागतात आणि कॅल्शियममध्ये ३७० च्या आसपास.

आता हे खडकाला लावू. शुद्ध चुनखडकाच्या कणांत कॅल्शियम, कार्बन आणि ऑक्सिजन असतात, हायड्रोजन नसतो. हायड्रोजन असतो तो छिद्रांतल्या पाण्यात किंवा तेलात, आणि दोन्हींत एका घनसेंटीमीटरमागे तो जवळपास सारखाच असतो. म्हणजे खडकात हायड्रोजन किती हे कळलं की पोकळ जागा किती हेही कळतं.

ही गोष्ट प्रथम दिसली ती रोममधल्या दोन टेबलांवर. १९३४ मध्ये एन्रिको फर्मीच्या प्रयोगशाळेत ब्रूनो पॉन्टेकोर्वो आणि एदोआर्दो आमाल्दी हे तरुण न्यूट्रॉनचा मारा करून चांदी किरणोत्सारी करत होते. तोच प्रयोग लाकडी टेबलावर केला की चांदी जास्त किरणोत्सारी होई आणि संगमरवरी टेबलावर कमी. लाकडात भरपूर हायड्रोजन असतो, त्यामुळे न्यूट्रॉन मंद होत आणि मंद न्यूट्रॉन चांदीला जास्त सहज चिकटत. संगमरवर म्हणजे रासायनिकदृष्ट्या चुनखडकच, आणि त्यात छिद्रं जवळपास नाहीत. युद्धाच्या झळा पोचल्यावर पॉन्टेकोर्वो अमेरिकेत ओक्लाहोमातल्या टल्साला आला आणि तेलविहिरींचं सर्वेक्षण करणाऱ्या एका कंपनीत नोकरीला लागला. १९४१ मध्ये त्याने न्यूट्रॉनने विहीर कशी तपासायची याची पद्धत लेख लिहून मांडली. पुढे तो न्यूट्रिनोच्या अभ्यासासाठी जास्त ओळखला गेला, पण तेलक्षेत्रात त्याने दिलेलं हे साधन आजही रोजच्या कामात आहे.

उपकरण म्हणजे मनगटापेक्षा थोडी जाड पोलादी नळी. तिच्या एका टोकाजवळ अमेरिशियम आणि बेरिलियमची भुकटी दाबून बनवलेला स्रोत असतो. अमेरिशियममधून निघालेले अल्फा कण बेरिलियमवर आदळतात आणि त्यातून सुमारे ४५ लाख इलेक्ट्रॉनव्होल्टचे न्यूट्रॉन बाहेर पडतात. स्रोतापासून काही अंतरावर एक शोधक आणि त्याच्याही पुढे दुसरा असतो. दोन्हींत हेलियम-३ वायू भरलेला असतो आणि ते मंद न्यूट्रॉन मोजतात. धनुष्यासारखी स्प्रिंग ही नळी विहिरीच्या भिंतीला दाबून धरते, आणि मिनिटाला नऊ मीटरच्या आसपास वेगाने ती वर ओढली जाते.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. खडकात हायड्रोजन जास्त असेल तर शोधकात आकडे कमी येतात. न्यूट्रॉन स्रोताच्या आसपासच मंद होतात, तिथेच एखादं केंद्रक त्यांना गिळून टाकतं आणि दूरच्या शोधकापर्यंत फार थोडे पोचतात. घट्ट, कोरड्या खडकात ते लांबवर भटकतात. दोन शोधक ठेवण्याचं कारणही यातच आहे. विहिरीतल्या मडचा, म्हणजे खोदकामाच्या चिखलाचा, परिणाम जवळच्या आणि दूरच्या शोधकावर बराचसा सारखा होतो. दोघांच्या आकड्यांचं गुणोत्तर घेतलं की तो बऱ्यापैकी निघून जातो. हे गुणोत्तर आणि सच्छिद्रता यांचा मेळ माहीत असलेल्या खडकांवर घातला जातो. १९५९ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात त्यासाठी खास खड्डा बांधला गेला. त्यात १.९, १९ आणि २६ टक्के सच्छिद्रतेचे तीन चुनखडक पाण्याने भिजवून ठेवले होते. उद्योगाची मापपट्टी अशी चुनखडकावर बसली.

पण हे उपकरण छिद्रं पाहत नाही, हायड्रोजन मोजतं, आणि तो छिद्रातला की दुसरीकडचा हे त्याला कळत नाही. त्याच्या सगळ्या चुका इथून निघतात. म्हणून न्यूट्रॉन लॉग एकटा वाचत नाहीत. शेजारी घनतेचा लॉग असतो. तो गॅमा किरणांनी खडकाची घनता मोजतो आणि त्यावरून स्वतंत्रपणे सच्छिद्रता काढता येते. कागदावर दोन्ही रेघा एकाच पट्ट्यात, चुनखडकाच्या मापावर अशा बसवतात की पाणी भरलेल्या स्वच्छ चुनखडकात त्या एकमेकींवर पडाव्यात.

एक उदाहरण सोडवून पाहू. समजा, विहिरीत वरून खाली तीन थर आहेत. सगळ्यात खालच्या थरात घनता २.३७ आली. निव्वळ चुनखडकाची घनता २.७१ आणि पाण्याची १. तर २.७१ मधून २.३७ वजा केले की ०.३४ उरतात, त्याला १.७१ ने भागलं की सुमारे २० टक्के. न्यूट्रॉननेही २० दाखवले. दोन्ही साक्षी जुळल्या. छिद्रांत द्रव आहे, जागा वीस टक्के. तो द्रव तेल आहे की खारं पाणी, हे मात्र या दोघांनाही सांगता येत नाही. त्यासाठी विद्युतरोधाचा लॉग लागतो, कारण खारं पाणी वीज वाहू देतं आणि तेल देत नाही.

मधल्या थरात घनता २.५० आली, म्हणजे १२ टक्के. न्यूट्रॉन मात्र ३५ सांगतो. कोण खोटं बोलतंय? गॅमा किरणांचा लॉग पाहिला तर तिथे उंच उसळी आहे, म्हणजे हा शेल, चिकणमातीचा खडक. चिकणमातीच्या खनिजांच्या रचनेतच हायड्रोजन बांधलेला असतो आणि कणांना पाणी घट्ट चिकटलेलं असतं. न्यूट्रॉन तोही मोजतो. एल-३ सारख्या थरात चुनखडकाच्या पदरांमध्ये शेलचे पातळ पदर असतात, त्यामुळे हा फरक ओळखणं रोजचंच काम आहे. जिप्समची गोष्ट तर आणखी टोकाची. त्याच्या स्फटिकात पाणी असतं, म्हणून एकही छिद्र नसताना न्यूट्रॉन पन्नास-साठ टक्के दाखवतो.

सगळ्यात वरच्या थरात उलटं घडतं. घनता २.३०, म्हणजे २४ टक्के, आणि न्यूट्रॉन फक्त १२. गॅमा शांत. इथे छिद्रांत वायू आहे. वायूत हायड्रोजन विरळ, म्हणून न्यूट्रॉनला जागा कमी वाटते. वायू हलका, म्हणून घनतेला जागा जास्त वाटते. दोन्ही रेघा एकमेकींना ओलांडून उलट्या बाजूंना जातात आणि मधली जागा रंगवली जाते. विहिरीवरच्या माणसाची नजर आधी तिथेच जाते. खरी सच्छिद्रता दोघांच्या मध्ये असते. दोन्ही आकड्यांचे वर्ग करून त्यांच्या सरासरीचं वर्गमूळ काढलं की अंदाज मिळतो. इथे तो १९ टक्के येतो.

पण रेघा ओलांडल्या की वायूच, असं धरून चालणाऱ्याची फसगत होते. हेच माप वालुकाश्माला लावलं, तर वीस टक्क्यांच्या पाणी भरलेल्या खडकातही घनता सुमारे २३ आणि न्यूट्रॉन सुमारे १६ दाखवतो. वायूचा थेंबही नसताना रेघा ओलांडलेल्या असतात. खडक कोणता हे आधी ठरवावं लागतं. खोदताना वर आलेले तुकडे भिंगाखाली पाहणं अजून बंद झालेलं नाही ते यासाठीच. दुसरी फसगत विहिरीच्या भिंतीची. न्यूट्रॉनचं मोजमाप खडकात साधारण वीतभर आत जातं. भिंत ढासळून खळगा पडला असेल तर नळी आणि खडक यांच्यामध्ये मड भरतो, मडमध्ये पाणी असतंच, आणि सच्छिद्रता फुगते. विहिरीचा व्यास मोजणाऱ्या कॅलिपरची रेघ तिथे बाहेर पळालेली दिसते. असा टप्पा अनुभवी माणूस हिशेबात धरत नाही.

आणखी एक मर्यादा सांगायला हवी. वीस टक्के जागा आहे म्हणजे तेल वाहून येईलच असं नाही. छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत की नाहीत, हे न्यूट्रॉनला कळत नाही.

राहता राहिला स्रोत. तो जड, हायड्रोजनने भरलेल्या कवचात विहिरीपर्यंत आणतात, कारण माणसाला वाचवायलाही न्यूट्रॉन मंद करणंच भाग असतं. लांब दांड्याने धरून तो नळीत बसवतात आणि नळी लगेच जमिनीखाली जाते. नळी खोल विहिरीत अडकली तर ती बाहेर काढायचा शक्य तो सगळा प्रयत्न होतो. नाहीच निघाली, तर अमेरिकेत नियम असा आहे की वर रंगीत सिमेंटचा बूच मारायचा आणि विहिरीच्या तोंडाशी कायमची इशारापाटी लावायची, म्हणजे पुढे कुणी तिथे खोदलं तर रंगीत सिमेंट पाहून थांबेल. वीज बंद केली की न्यूट्रॉन थांबतात अशी जनित्रं आता आहेत आणि काही उपकरणांत वापरलीही जातात. पण जगभरातले बहुतेक जुने लॉग आणि ते वाचायचे तक्ते अमेरिशियमच्या न्यूट्रॉनवर बेतलेले आहेत, म्हणून हा स्रोत अजून वापरात आहे. अमेरिशियमची किरणोत्सारिता निम्मी व्हायला ४३२ वर्षं लागतात.