पांढरा दिवा लागतो, टीव्ही काळाच राहतो

प्लेस्टेशन ५ सुरू होतं, पांढरा दिवा स्थिर लागतो, कंट्रोलरही जोडला जातो. टीव्ही मात्र ‘No Signal’ दाखवत राहतो. बहुतेकदा आदल्या दिवशी कुणाचा तरी पाय केबलमध्ये अडकलेला असतो, नाहीतर कन्सोलच्या मागे न बघता अंदाजाने केबल दाबून घातलेली असते. दुकानात याला सरसकट ‘पोर्ट गेला’ म्हणतात. खर्च किती येईल हे मात्र पोर्टच्या नेमक्या कुठल्या भागाला इजा झाली यावर ठरतं.

आधी साध्या शक्यता संपवाव्यात. दुसरी केबल, टीव्हीचं दुसरं एचडीएमआय, जमल्यास दुसरा टीव्ही. मग बंद कन्सोलचं पॉवर बटण दुसरी बीप ऐकू येईपर्यंत, म्हणजे साधारण सात सेकंद, दाबून ठेवलं की सेफ मोड उघडतो. तिथे चित्र दिसलं तर पोर्टला हात लावू नका, ‘Change Video Output’मधून रिझोल्यूशन बदलून बघा.

तिथेही अंधार असेल, पण फोनवर रिमोट प्ले आधीपासून जोडलेलं असेल, तर फार उपयोगी चाचणी हाताशी आहे. फोनवर गेम दिसला, म्हणजे कन्सोलचा मुख्य प्रोसेसर चित्र तयार करतोय. बिघाड चित्र बाहेर नेणाऱ्या वाटेवर आहे. त्या वाटेवर पोर्ट, त्यामागचे बारीक घटक आणि एचडीएमआयची चिप, एवढंच येतं.

आता प्लग काढून, सगळ्या केबल सोडवून, टॉर्चने पोर्टमध्ये बघायचं. फोनचा कॅमेरा झूम केला तर डोळ्यांपेक्षा बरं दिसतं. मधल्या प्लास्टिकच्या जिभेवर वर-खाली मिळून एकोणीस पिना असतात. जीभ शाबूत असेल आणि एखादी पिन फक्त किंचित बाजूला सरकली असेल, तर लाकडी किंवा प्लास्टिकच्या बारीक टोकाने ती एकदाच, हलक्या हाताने जागेवर ढकलून बघता येते. माझ्या मते हा इलाज नव्हे, निदान आहे. एकदा वाकलेला पत्रा पुढच्या वेळी केबल घालताना पुन्हा मुडपतो किंवा तुटतो. पाच व्होल्टची अठरावी पिन बाहेरच्या धातूच्या कवचाला टेकलेली दिसली, तर कन्सोल सुरूच करू नये. जीभ तडकली असेल, पिन उखडली असेल, तर सरळ करण्यासारखं काही उरत नाही. पोर्टच बदलावा लागतो.

सैल पोर्टची परीक्षा वेगळी. केबल हलकेच हलवताना फक्त प्लग डुलत असेल आणि कवच स्थिर असेल, तर दोष केबलचा किंवा कवचाच्या पकडीचा असू शकतो. कवचच हलत असेल, तर त्याला बोर्डात धरून ठेवणाऱ्या पायांचं सोल्डर तडकलं आहे. केबल एका कोनात धरल्यावर चित्र येतं म्हणून तिथे कागदाची घडी खोचून खेळत राहणारे बरेच आहेत. रोजच्या हेलकाव्याने पिनांखालचे तांब्याचे पॅड बोर्डापासून सुटतात, आणि सोपं काम अवघड होतं.

पॅड शाबूत आहेत का, हे दुकानात मल्टिमीटर डायोडवर ठेवून कळतं. लाल टोक ग्राउंडला लावून काळं टोक एकेका पिनेवर टेकवायचं. चित्राचा वेग पेलणाऱ्या चार जोड्या, म्हणजे आठ पिना, जवळपास सारखंच वाचन देतात. सात सारख्या आणि आठवी ‘OL’ दाखवत असेल, तर वाट कुठेतरी तुटली आहे: सोल्डर, पॅड किंवा त्यामागचा घटक. वाचन शून्याजवळ आलं तर शॉर्ट. तोही पोर्टमध्येच असू शकतो, म्हणून पोर्ट काढल्यावर पुन्हा मोजतात. रिकाम्या पॅडवर आठही वाचनं सारखी आली, की नवा पोर्ट बसवून काम संपतं. पॅड उखडला असेल तर केसासारख्या तारेने जोड द्यावा लागतो, आणि तो सूक्ष्मदर्शकाखालीच. पोर्ट काढूनही शॉर्ट राहिला तर संशय मागच्या घटकांवर किंवा चिपवर. हे सगळ्यात महाग प्रकरण.

घरच्या सोल्डरिंग आयर्नने पोर्ट काढायला जाऊ नये. बोर्डाचे जाड ग्राउंड थर उष्णता शोषून घेतात, सोल्डर वितळत नाही, माणूस जोर लावतो आणि पोर्टबरोबर पॅडही येतात. कारागीर बोर्ड खालून तापवून, वरून गरम हवा देऊन तो उचलतो. त्यातून प्लेस्टेशन ५च्या प्रोसेसरवर द्रवरूप धातू असतो. हीटसिंक उचलताना त्याचा थेंब सांडला तर दुसरंच दुखणं उभं राहतं, म्हणून हे काम पूर्वी केलंय का, ते दुकानदाराला थेट विचारावं.

कुणी ‘बोर्डच बदलू’ म्हणालं, तर थांबावं. या कन्सोलची अंतर्गत साठवण बोर्डावरच सोल्डर केलेली असते. बोर्ड गेला की त्यावरचे सेव्ह केलेले गेमही गेले. रिमोट प्ले चालत असेल आणि पीएस प्लसचं सदस्यत्व असेल, तर कन्सोल दुकानात देण्याआधी फोनच्या पडद्यावरूनच ते क्लाउडवर चढवून ठेवता येतात.